डिस्टेंपरची भिंत आणि आबांचं डोकं

एकदा भर दुपारी मी नवऱ्याच्या डोक्यावर पाऊण वाटी खोबरेल तेल ओतलं, त्याला भिंतीला टेकवून बसवलं आणि वर ओरडले, "नुसते बसू नका हो, जरा डोकं घासा!" नवरा शहाणा माणूस. कंपनीत मशिनींची देखभाल करायचा, हाताखाली पंधरा माणसं होती. पण त्या दुपारी तो गुपचूप डोकं घासत बसला. कारण त्याला माहीत होतं, मी एवढी घाबरलेली असले की माझ्याशी वाद घालण्यापेक्षा तेल परवडतं.

या मूर्खपणाला फार वर्षं झाली. आता नातवंडं मला शहाणी समजतात. त्यांचा गैरसमज दूर करायला कुणीतरी हे लिहून ठेवायला हवं, आणि ते माझ्याशिवाय करणार कोण?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही पुण्याहून नाशकात आलो होतो. इंदिरानगरात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल असा फ्लॅट भाड्याने मिळाला. फ्लॅट देवळा गावच्या एका कांदेवाल्या शेतकऱ्याचा. एका वर्षी कांद्याला भाव बरा लागला, तेव्हा त्यांनी तो घेतला होता. मालक नावापुरते, कारभार सगळा त्यांच्या बायकोचा. तिला सगळे माई म्हणत, म्हणून आम्हीही माईच म्हणू लागलो. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि नजर अशी, की मापात पाप करणारा व्यापारी तिच्यासमोर आपणहून काटा सरळ करील.

घर दाखवताना माईंनी दोनच अटी सांगितल्या. "ह्यो दिवाण आमचा हे. त्यो जागचा हलवायचा नाय. आन् रंग द्यायचा तर डिस्टेंपरच. प्लास्टिक नको."

हॉलमध्ये रस्त्याकडच्या खिडकीजवळ, भिंतीला लागून जुना सागवानी दिवाण होता. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाई जरा गावंढळच दिसते. प्लास्टिक पेंट म्हणजे काय ते हिला माहीत नसणार. बादल्यांसारखं काहीतरी वाटत असेल. तेव्हा मी पुण्याची होते ना! नाशकात येऊन दोन महिने झाले होते आणि नाशिककरांना शहाणं करायचं काम आपल्याकडे आलंय अशी माझी समजूत होती. माईंना "का?" एवढं एकच अक्षर विचारलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण विचारायला आधी आपल्याला काही माहीत नाही असं वाटावं लागतं.

करार अकरा महिन्यांचा. दर वेळी माई यायच्या, घरभर एक फेरी मारायच्या, नळ सोडून बघायच्या, मोरीत वाकून बघायच्या आणि मग म्हणायच्या, "राहा." एवढं म्हटलं की नवे कागद व्हायचे. नाही म्हटलं असतं, तर आम्ही सामान बांधलं असतं.

आता त्या डिस्टेंपरबद्दल. हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. डिस्टेंपर म्हणजे मुळात खडूची भुकटी, तिला धरून ठेवायला थोडा चिकटा, आणि पाणी. स्वस्त, झटपट, दिसायला मऊ आणि थंड. पण भिंतीला पाठ टेकली की रंग पाठीवर. आमच्या हॉलचा रंग पिस्ता होता. आमच्याकडून कोण जेवून गेलं हे सगळ्या कॉलनीला त्याच्या पाठीवरून कळायचं. ओल्या फडक्याने पुसायला जावं, तर डागाबरोबर रंगही फडक्यात येई आणि तिथे नवा, आणखी मोठा डाग पडे. प्लास्टिक पेंटचं तसं नाही. तो वाळला की भिंतीवर त्याची एक अखंड साय धरते. काही सांडलं, लागलं, तर आत मुरत नाही. ओलं फडकं फिरवलं की झालं. आता त्याला सगळे इमल्शन म्हणतात. तेव्हा प्लास्टिकच म्हणायचे, आणि ते म्हणताना जरा मान वर करायचे.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे चारी भिंतींना प्लास्टिक होतं. त्या स्वतःच्या फ्लॅटात राहत. त्यांची मान कायम वर असे.

आणि आमच्याकडे होता डाग.

दिवाणाच्या मागच्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूला, भाकरीएवढा तपकिरी डाग. डोक्याच्या तेलाचा. आम्ही राहायला आलो तेव्हापासूनचा. पहिल्या दिवाळीला मी रंगारी बोलावला. पन्नाशीचा, सडपातळ माणूस, कानावर कायम विडी, पण आमच्या घरात ती कधी पेटवली नाही. त्याने पिस्ता डिस्टेंपरचे दोन हात मारले. भिंत अशी दिसू लागली, की मी दोन दिवस येता-जाता नुसती बघत होते. संक्रांतीला तीळ भाजत होते आणि सहज हॉलकडे नजर गेली, तर डाग परत. आधी फिका, बशीएवढा. होळीपर्यंत पुन्हा भाकरी.

दुसऱ्या दिवाळीला परत डिस्टेंपर. संक्रांतीला परत डाग. जणू त्यालाही हळदीकुंकवाचं बोलावणं असावं.

मी रंगाऱ्यावर चिडले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, माझ्या हातात नाही ते. तेल प्लास्टरच्या आत गेलंय. डिस्टेंपर म्हणजे पाण्याचं काम. तेल त्यातनं हळूहळू वर येणारच. तुम्ही दहा हात मारा, दहा वेळा येईल."

डागाचं मी एक वेळ सोसलं असतं. पण त्याची उंची! मी आहे ठेंगणी. चार फूट दहा इंच, तेही नवीन चपला घालून. दिवाणावर मी बसले की तो डाग बरोबर माझ्या डोक्यामागे यायचा, देवाच्या तसबिरीतल्या प्रभावळीसारखा. साहजिकच सगळ्यांना तो माझाच वाटे. दुसऱ्या वर्षीच्या हळदीकुंकवाला वरच्या वहिनी वाण घ्यायला आल्या, डागाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चार बायकांत गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, तेल जरा कमी लावत जा. केसांनाही पुरे होतं आणि भिंतीलाही."

बायका हसल्या. मीही हसले. आणि त्याच क्षणी ठरवलं, की येत्या दिवाळीला ही भिंत प्लास्टिक.

रंगाऱ्याने विचारलं होतं बरं का. "ताई, मालकीणबाईंना विचारलंत?"

"त्यांना काय कळतंय त्यातलं," मी म्हणाले. "आणि सगळं घर कुठे करतेय? एकच भिंत. रंग तोच, पिस्ता. त्यांना पत्तासुद्धा लागणार नाही."

"रंग तोच लागेल," तो म्हणाला, "पण चमक? तीन भिंती मळक्या दुधासारख्या आणि एक धुतलेल्या स्टीलच्या ताटासारखी. दिसतंच की हो."

"तुम्हाला दिसतं. तुम्ही रंगारी आहात."

त्याने खांदे उडवले. दिवाण चार माणसांनी उचलून बाजूला केला. त्याच्या पायांच्या खुणा मी खडूने करून ठेवल्या. म्हणजे बघा, एक अट मोडताना दुसरी किती इमानाने पाळत होते! मग रंगाऱ्याने पत्र्याने सगळं जुनं डिस्टेंपर खरवडलं. "भुकटीवर प्लास्टिक मारलं तर भुकटीसकट सोलून येतं, ताई. खालची भिंत घट्ट पाहिजे." दोन दिवस घरात पिस्ता धूळ. वरण पिस्ता, गाद्या पिस्ता, मुलीच्या दहावीच्या वह्या पिस्ता. डागाची जागा त्याने पार प्लास्टरपर्यंत उघडी केली, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासघासून धुतली, वाळू दिली आणि मग ऑइल प्रायमरचा हात दिला. "आता हे तेल आत कोंडलं," तो म्हणाला. त्यावर लांबी भरली, म्हणजे खाचखळगे बुजवायचा लगदा. पॉलिश पेपर घासून भिंत गुळगुळीत केली. पुन्हा प्रायमर. आणि शेवटी प्लास्टिकचे दोन हात.

संक्रांत आली. मी रोज सकाळी उठून आधी भिंत बघत होते, मग देव. डाग आला नाही. रथसप्तमी आली. नाही आला. त्या वर्षी हळदीकुंकवाला वरच्या वहिनी आल्या तेव्हा मी मुद्दाम हळदीची बोटं भिंतीला पुसली, "अगंबाई!" म्हणाले, ओलं फडकं घेतलं आणि सगळ्यांसमोर पुसून दाखवलं. थोडं पिवळं राहिलं होतं, पण तिथे मी उभी राहिले. वहिनींची मान दोन बोटं खाली आली. मला वाटतं, लग्नानंतरचा तो माझा सर्वांत आनंदाचा दिवस असावा. नवऱ्याला हे सांगू नका.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं.

माईंच्या मुलाचं अक्षर. कॉलेजात शिकलेला मुलगा, टिंबं-काने जागच्या जागी. त्याने लिहिलं होतं, की माई पुढच्या सोमवारी येताहेत, कराराचं तेव्हाच बघतील. सोबत आत्या आहेत, विंचूरला दिलेली माईंची नणंद. आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता लख्ख दिसतं, आणि त्यांना आबांची जागा बघायची आहे. आबा, म्हणजे माईंचे सासरे आणि आत्यांचे वडील, शेवटचं दीड वर्ष इलाजासाठी याच घरात होते. दिवसभर त्या दिवाणावर बसून, भिंतीला टेकून, रस्ता बघायचे. त्यांचा फोटो असा एकही नाही. कॅमेरा दिसला की उठून जायचे. राहिला आहे तो भिंतीवरचा डोक्याचा डाग. पुढचं वाक्य मला अजून पाठ आहे: "डिस्टेंपर लावले तरी तो परत वर येतो हे आम्हास ठाऊक आहे, म्हणूनच माईने प्लास्टिक नको असे सांगितले होते. आपण सांभाळलात याबद्दल आभारी आहोत."

मी कार्ड दोनदा वाचलं आणि दिवाणावर बसले. माझ्या डोक्यामागे भिंत स्टीलच्या ताटासारखी चमकत होती.

मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बीजगणित करत होती. परीक्षा महिन्यावर आली होती. करार दर वर्षी एकेक महिना मागे सरकत सरकत त्या साली नेमका फेब्रुवारीअखेर संपत होता. माईंनी "राहा" म्हटलं नाही, तर मुलीने पेपर कुठल्या घरातून द्यायचे? शाळा जवळ, क्लास जवळ, मैत्रीण शेजारच्या इमारतीत. आणि हे सगळं माझ्या एका भिंतीपायी, आणि भिंत कशापायी, तर वहिनींच्या मानेपायी. नवऱ्याला कार्ड दाखवलं. तो वाचून म्हणाला, "खरं सांगून टाक."

"सांगते की," मी म्हणाले. "आत्याबाई विंचूरहून येणार, डोळे नवे करून येणार, आणि मी म्हणू, या, तुमच्या वडलांना मी पत्र्याने खरवडलं?"

मग जी युक्ती मला सुचली, ती तुम्ही पहिल्या ओळीतच वाचली आहे.

डाग तेलाचा होता ना? मग तेलानेच परत पाडायचा! आता बघा हं. डाग माझ्या उंचीचा. दोन वर्षं त्याच्यापायी बोलणी मी खाल्लेली. तरी डोकं कुणाचं बसवायचं असा प्रश्न आला तेव्हा मी काय विचार केला? आबा पुरुष, तेव्हा डोकंही पुरुषाचंच हवं. नवरा पाच फूट अकरा. ही साधी गोष्ट त्या क्षणी माझ्या आसपासही फिरकली नाही.

रविवारी दुपारी तेल ओतलं. तो अर्धा तास घासत बसला. उठला, तर भिंतीवर तेलाचे ओघळ, आणि ओघळ खाली दिवाणाच्या चादरीवर. भिंतीत काही मुरेना. मी घाईने फडक्याने टिपलं, तर भिंत पहिल्यापेक्षा चकचकीत! ज्या गुणासाठी मी प्लास्टिक लावून घेतलं होतं, तो गुण त्याने माझ्यासमोर असा खणखणीत सिद्ध केला. मुलगी दारात उभी राहून हसत हसत खाली बसली. "आई, बाबा तळून झाले का?"

मग मी काळ्या चहाचं उकळलेलं पाणी लावून पाहिलं. तेही घरंगळलं. आता सोमवारला आठच दिवस राहिले होते, आणि एक उपाय राहिला होता. रंगाऱ्याकडे जाऊन तोंड दाखवायचं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. कानावरची विडी काढली, बघितली, परत ठेवली. "ताई, पस्तीस वर्षं मी लोकांचे डाग घालवतोय. डाग पाडायला पहिल्यांदा कुणी बोलावलंय."

"होईल का?"

"प्लास्टिकवर नाही होणार. ते तेल घेतच नाही. डिस्टेंपरवर होईल, ते लगेच पितं. पण चकाकीवर डिस्टेंपर धरत नाही. तेवढी जागा खरवडून लांबीपर्यंत जावं लागेल."

तो आला, पत्रा घेतला आणि मला विचारलं, "बरोबर कुठे होता?"

आता खरी परीक्षा होती, आणि मी नापास झाले. नव्या गुळगुळीत भिंतीवर जुन्या डागाची जागा मला काही केल्या आठवेना. म्हणून काय केलं? नवऱ्याला दिवाणावर बसवलं, टेकायला लावलं आणि त्याच्या डोक्यामागे बोट ठेवून म्हटलं, "हे इथेच." रंगाऱ्याने नवऱ्याच्या डोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काहीतरी म्हणणार होता. पण मागच्या वेळी तो काही म्हणाला होता तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं, ते आठवलं असावं. त्याने परातीएवढी जागा खरवडली, कडा पॉलिश पेपरने घासून पुसट केल्या आणि पिस्ता डिस्टेंपरचे दोन हात दिले.

दुसऱ्या दिवशी ते वाळलं. नवऱ्याने परत डोक्याला तेल लावलं, आता मात्र बेतानं, आणि टेकला. उठला तर डाग! डिस्टेंपरने तेल असं ओढून घेतलं, जसा उपाशी माणूस पहिला घास ओढतो. पण हा डाग ताजा, ओलसर, हिरवट. जुन्याचा तपकिरी रंग त्याला कुठला? तेव्हा रोज कंपनीतून आला की नवऱ्याने केसांतल्या धुळीसकट पाच मिनिटं टेकायचं असं ठरलं. शनिवारपर्यंत त्याला माणसात आणण्यासारखा रंग आला. त्या दिवशी रंगाऱ्याने येऊन बोटाने किंचित तपकिरी रंगाची भुकटी चोळली आणि दोन पावलं मागे सरून म्हणाला, "झाले म्हातारबाबा."

सोमवारी दोघी एसटीने आल्या. माई पुढे; मागे आत्या. उन्हाचा काळा चष्मा लावलेल्या, माईंपेक्षा मोठ्या, जरा वाकलेल्या. हातात कांद्याची पिशवी, कारण देवळ्याचं माणूस रिकाम्या हाताने येत नाही. मुलगी शाळेत होती. नवऱ्याने मुद्दाम रजा घेतली होती, आणि दोनदा शांपू लावून डोकं धुतलं होतं.

आत्यांनी दारातच चष्मा काढला. बाकी कशाकडे न बघता त्या सरळ दिवाणाकडे गेल्या. माहेरची बोली त्यांच्या तोंडी आपोआप आली. "हाईच शे ना आबानी जागा?"

"हो, हीच आबांची जागा," मी म्हणाले. 

आत्या बसल्या. भिंतीकडे वळल्या आणि डागावरून तळहात फिरवला, हळू, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतात. मग हात नाकाशी नेला. "तेच तेल," त्या म्हणाल्या. "आबांचं. अजून वास येतो बघ." आणि डोळे पुसत हसल्या. खोबरेलाचा वास येणारच होता. शनिवारपर्यंत ओतत होतो आम्ही. मी स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होते. खोटं बोलताना माझा आवाज इतका बरा निघेल असं मला वाटलं नव्हतं, आणि खोट्याने कुणाला एवढं बरं वाटलं की आपल्याला इतकं वाईट वाटेल, असंही वाटलं नव्हतं.

मग आत्यांनी मागे टेकून पाहिलं. त्यांचं डोकं डागापर्यंत पोचलं नाही. चांगलं वीतभर खाली राहिलं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. त्या खिडकीतून रस्ता बघत होत्या, आबा बघायचे तसा.

माझ्या मात्र लक्षात आलं. आणि माझ्या नजरेसमोर तो जुना डाग लख्ख आला, माझ्याच डोक्यामागचा, प्रभावळीसारखा, चार फूट दहा इंचांच्या बाईच्या मापाचा.

माई फेरीला निघाल्या. नळ बघितले, मोरी बघितली. मग हॉलमध्ये येऊन दाराशेजारच्या भिंतीवरून तळहात फिरवला आणि उघडून बघितला. पिस्ता भुकटी. चालत चालत दिवाणाच्या भिंतीशी आल्या. डागापासून हातभर लांब तळहात फिरवला. उघडून बघितला. हात स्वच्छ. मग डागाकडे बघितलं. चकचकीत भिंतीत डागाभोवती तेवढाच मंद, मळक्या दुधासारखा गोल. मग नणंदेच्या डोक्याकडे. मग खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे, पायापासून वर वर, पार डोक्यापर्यंत. नवऱ्याने कारण नसताना केसांवरून हात फिरवला.

"बाई, चहा ठेवता ना?" माई मला म्हणाल्या. "चला, मी येते आत."

आत गेल्यावर मी गॅस लावला, पण काडीच नीट पेटेना. माईंनी काडेपेटी माझ्या हातातून घेतली, पेटवली, पातेलं ठेवलं. मी म्हटलं, "माई, मी सांगते खरं—"

"नका सांगू," त्या म्हणाल्या. "हाताला समजलं."

पातेल्यात पाणी सळसळायला लागलं. माझ्या डोक्यात टेम्पो लागत होते, गाद्यांच्या वळकट्या बांधल्या जात होत्या. बाहेरून आत्यांचा आवाज येत होता. त्या नवऱ्याला आबांबद्दल सांगत होत्या, की म्हाताऱ्याला रस्त्यावरची कुठली मोटार कुठल्या गावची ते नंबर न बघता कळायचं. नवरा "असं का!" म्हणत होता आणि त्याचा आवाज अपराध्यासारखा येत होता.

माई त्या आवाजाकडे कान देऊन ऐकत राहिल्या. चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. रागच असेल म्हणून मी खाली मान घालून आलं किसत होते, सबंध बोटभर किसलं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडताहेत. खांदे हलत होते. पदर बाजूला झाला तेव्हा कळलं, बाई हसून हसून लाल झाली होती. त्यांनी स्वतःच चहा गाळला, चार कप बशांत मांडले, ताट उचललं आणि दाराशी थांबून, बाहेर नणंदेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या:

"राहा अजून अकरा म्हयने, पोरीची परीक्षा होऊ द्या. पन म्होरल्या टायमाला तेल नवऱ्याच्या डोक्याला नका लावू, सोताच्या लावा. आमचे आबा तुमच्याएवढेच व्हते."